लघवीचे कल्चर: भोपाळमध्ये किती पैसे पडतात आणि त्या पैशांत काय मिळायला हवे

भोपाळमधल्या खासगी लॅबमध्ये लघवीच्या कल्चर-सेन्सिटिव्हिटीला साधारण पाचशे ते हजार रुपये पडतात. घरी येऊन नमुना नेला तर शे-दोनशे वर जातात, आणि तपासणी मशीनवर झाली तर आकडा हजारच्या पुढे सरकतो. रक्ताचे कल्चर याहून महाग असते, कारण त्याची बाटलीच महाग. एम्स आणि हमीदियासारख्या सरकारी रुग्णालयांत हेच काम मोफत किंवा नाममात्र शुल्कात होते. गॅसपीडितांचे कार्ड असलेल्यांना आणि त्यांच्यावर अवलंबून असलेल्यांना करोंदच्या भोपाळ मेमोरियल रुग्णालयात उपचार मोफत आहेत. या तिन्ही ठिकाणी स्वतःचा मायक्रोबायॉलॉजी विभाग आहे. तिथे नमुना शहराबाहेर जात नाही, ही माझ्या दृष्टीने स्वस्ताईपेक्षा मोठी सोय आहे.

खिडकीवर पैसे भरताना पहिली गफलत नावाची होते. ‘यूरिन रूटीन’ ही शे-दीडशे रुपयांची वेगळी तपासणी आहे. तिच्यात पू-पेशी, साखर, प्रथिने दिसतात, पण कोणते औषध चालेल हे कळत नाही. कुठल्या जंतूने त्रास दिला आणि कोणत्या अँटिबायोटिकने तो मरेल हे हवे असेल तर ‘यूरिन कल्चर अँड सेन्सिटिव्हिटी’ असेच म्हणावे लागते. काही लॅब कल्चरचे आणि सेन्सिटिव्हिटीचे पैसे वेगळे लावतात. जंतू वाढलाच नाही तर दुसऱ्या भागाचे पैसे घेतात की नाही, हे आधीच विचारून ठेवावे.

पैसे भरल्यावर आत काय होते ते कळले की पुढचे बरेच प्रश्न आपोआप सुटतात.

चकती, ताट आणि वलय

भोपाळच काय, देशातल्या बहुसंख्य लॅबमध्ये सेन्सिटिव्हिटी म्हणजे अजूनही कर्बी-बाउअर पद्धत. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात बाउअर, कर्बी, शेरिस आणि टर्क या चौघांनी १९६६ मध्ये ती एका ठरावीक साच्यात बसवली. त्याआधीही औषधाच्या चकत्या वापरल्या जात होत्या, पण प्रत्येक प्रयोगशाळेची रीत निराळी, त्यामुळे एकीचे उत्तर दुसरीशी जुळत नसे. या चौघांचे मोठे काम म्हणजे ताट कसे, जंतू किती, तापमान काय आणि वेळ किती हे सगळे पक्के बांधून टाकणे. साठ वर्षांनंतरही रिपोर्टचा खरेपणा याच बंधनांवर उभा आहे.

पहिल्या दिवशी लघवीचा मोजका थेंब अगारच्या ताटलीवर पसरून रात्रभर ऊबवतात. दुसऱ्या दिवशी जंतूंच्या वसाहती दिसतात, त्यांची ओळख पटवतात. मग एकसारख्या चार-पाच वसाहती उचलून सलाइनमध्ये कालवतात आणि त्याचा गढूळपणा ‘अर्धा मॅकफारलंड’ नावाच्या ठरलेल्या नमुन्याशी जुळवतात. एवढ्या गढूळपणाला दर मिलिलिटरमध्ये साधारण दहा ते वीस कोटी जंतू असतात. हे पाणी पंधरा मिनिटांच्या आत म्युलर-हिंटन अगारच्या ताटलीवर कापसाच्या काडीने तिन्ही दिशांनी घासून पसरतात. त्यावर सहा मिलिमीटर व्यासाच्या, औषधात भिजवून वाळवलेल्या कागदी चकत्या ठेवतात. ताटली उलटी करून पस्तीस अंशांच्या आसपास सोळा ते अठरा तास ठेवतात. तिसऱ्या दिवशी ताटलीभर जंतूंची पांढुरकी साय आलेली असते आणि चालणाऱ्या औषधाच्या चकतीभोवती स्वच्छ, गोल वलय उरलेले असते. त्या वलयाचा व्यास पट्टीने किंवा कॅलिपरने मोजायचा, तक्त्यात पाहायचा आणि एस, आय किंवा आर लिहायचे. एस म्हणजे औषध चालेल, आर म्हणजे चालणार नाही, आय म्हणजे मधले.

यावरून एक साधी गोष्ट निघते. या पद्धतीने पूर्ण रिपोर्ट दोन रात्रींच्या आत येऊ शकत नाही. सकाळी नमुना दिला आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दहा औषधांची यादी हातात आली, तर एकतर मशीन वापरले असेल किंवा जंतू वेगळा न करता लघवीच थेट ताटलीवर पसरली असेल. दुसऱ्या प्रकारात जंतूंची संख्या मोजलेली नसते आणि दोन जातींची भेसळही असू शकते. ‘आमचा रिपोर्ट चोवीस तासांत’ या जाहिरातीकडे मी गुण म्हणून पाहत नाही.

मोठे वलय म्हणजे चांगले औषध नव्हे

आता एक रिपोर्ट घेऊन पाहू. आकडे नमुन्यादाखल आहेत, पण अशा जोड्या लॅबमध्ये रोज दिसतात. बासष्ट वर्षांच्या एका मधुमेही बाईंना लघवीला जळजळ होते, वारंवार जावे लागते. ताप नाही, पाठीत दुखत नाही. कल्चरमध्ये ई. कोलाय हा जंतू एक लाखाहून जास्त संख्येने वाढला. खाली वलयांचे माप आणि शेजारी अमेरिकेच्या सीएलएसआय संस्थेच्या सध्याच्या तक्त्यातली पास होण्याची रेघ आहे.

| औषध | वलय (मिमी) | ‘एस’ साठी किमान | निकाल |
|---|---|---|---|
| नायट्रोफ्युरँटॉइन | १९ | १७ | एस |
| सेफ्ट्रिअॅक्सोन | १९ | २३ | आर |
| सिप्रोफ्लॉक्सॅसिन | २३ | २६ | आय |
| को-ट्रायमॉक्सॅझोल | ६ | १६ | आर |
| मेरोपेनेम | २७ | २३ | एस |

घरात कुणीही हा कागद वाचला की डोळा सत्तावीसवर जातो. सर्वांत मोठे वलय मेरोपेनेमचे, तेव्हा तेच सर्वांत जोरदार, असा निष्कर्ष निघतो. मग तेवीसवाले सिप्रोफ्लॉक्सॅसिन दुसरे आणि एकोणीसवाली दोन्ही औषधे सारखीच. हे वाचन पूर्णपणे चुकीचे आहे. एकोणीस मिलिमीटरवर नायट्रोफ्युरँटॉइन पास झाले आणि त्याच एकोणीसवर सेफ्ट्रिअॅक्सोन नापास. प्रत्येक विषयाची उत्तीर्ण होण्याची रेघ वेगळी असावी तसे हे आहे. दोन विषयांचे गुण एकमेकांशी ताडून पाहण्यात अर्थ नाही.

कारण वलयाचा आकार एकट्या औषधाच्या ताकदीवर ठरत नाही. चकतीत किती औषध भरले आहे, त्याचे रेणू अगारमधून किती वेगाने सरकतात, यांवरही तो ठरतो. नायट्रोफ्युरँटॉइनच्या चकतीत तीनशे मायक्रोग्रॅम असतात, सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या चकतीत फक्त पाच. मग रेघ कशी ठरते? शेकडो जंतूंची वलये मोजायची, त्याच जंतूंना मारायला किंवा थांबवायला औषधाची किमान किती मात्रा लागते तीही मोजायची आणि माणसाच्या शरीरात तेवढी मात्रा पोहोचते का, रुग्ण बरे झाले का, हे त्यांना जोडून पाहायचे. रेघेमागे हे सगळे उभे असते. म्हणून तक्त्याशिवाय मिलिमीटरला काही अर्थ नाही.

त्याच औषधाची रेघ जंतू बदलला तरी बदलते. ई. कोलायसाठी सिप्रोफ्लॉक्सॅसिनला सव्वीस मिलिमीटर लागतात, टायफॉइडच्या जंतूसाठी एकतीस. टायफॉइडच्या रुग्णाचा अठ्ठावीसचा आकडा पाहून ‘चालेल’ लिहिले तर ते चुकीचे ठरते.

को-ट्रायमॉक्सॅझोलसमोरचा सहाचा आकडाही नीट वाचायला हवा. चकतीच सहा मिलिमीटरची आहे, म्हणजे तिच्याभोवती वलय अजिबात नाही. सहा म्हणजे शून्य.

या बाईंच्या बाबतीत डॉक्टर बहुधा नायट्रोफ्युरँटॉइनचाच विचार करतील, अर्थात मूत्रपिंडाचे काम ठीक असेल तर. ते गोळीने घेता येते, लघवीत चांगले साठते आणि संसर्ग मूत्राशयापुरता आहे. ताप आणि पाठदुखी असती तर हेच औषध उपयोगाचे नव्हते, कारण रक्तात आणि मूत्रपिंडाच्या ऊतीत ते पुरेसे पोहोचत नाही. मेरोपेनेम हे शिरेतून देण्याचे, दिवसातून अनेक वेळा टोचण्याचे आणि गंभीर आजारासाठी राखून ठेवायचे औषध. रिपोर्टमधला ‘एस’ म्हणजे औषध चालेल एवढेच. ते घ्यावे असा सल्ला तो नव्हे. हा निर्णय रोग्याला पाहणाऱ्या डॉक्टरचा आहे, आणि रिपोर्ट घेऊन थेट मेडिकलच्या दुकानात जाण्याची आपल्याकडची सवय इथे सर्वांत घातक ठरते.

तेवीस मिलिमीटरचा प्रश्न

वरच्या कोष्टकात सिप्रोफ्लॉक्सॅसिनसमोर ‘आय’ आहे. हीच ताटली दुसऱ्या लॅबमध्ये, त्याच पट्टीने मोजली तरी रिपोर्ट ‘एस’ येऊ शकतो. २०१९ पर्यंत या औषधाची पास होण्याची रेघ एकवीस मिलिमीटर होती. नव्याने अभ्यास झाला, रेघ सव्वीसवर गेली. जेंटामायसिन आणि अॅमिकासिनच्या रेघाही २०२३ मध्ये वर सरकल्या: जेंटामायसिन पंधरावरून अठरा, अॅमिकासिन सतरावरून वीस. सीएलएसआय हा तक्ता दरवर्षी सुधारून काढते आणि तो ऑनलाइन विनामूल्य वाचताही येतो. तरीही कित्येक ठिकाणी भिंतीवर चिकटवलेला जुना तक्ता किंवा चकत्यांच्या डबीबरोबर आलेला कागद वर्षानुवर्षे चालतो. युरोपचा युकास्ट तक्ता वेगळा आहे, त्याच्या रेघाही वेगळ्या. दोन्ही चांगले; पण एका जंतूच्या रिपोर्टमध्ये दोन्ही मिसळून चालत नाही.

म्हणून लॅबला विचारण्याचा माझा पहिला प्रश्न हाच असतो: निकाल कोणत्या तक्त्यावरून आणि कोणत्या वर्षाच्या? बरेच चांगले रिपोर्ट तळाशी हे छापतात. ‘मॅडम लिहितात, त्यांना माहीत’ हे उत्तर पुरेसे नाही.

‘आय’बद्दलही एक गैरसमज आहे. तो ‘चालत नाही’ असा वाचू नये. काही औषधे लघवीत कित्येक पट साठतात, त्यामुळे साध्या मूत्राशयाच्या संसर्गात ‘आय’ असलेले औषधही कधी उपयोगी पडते. काही औषधे जास्त मात्रेत चालतात. आणि कधी ‘आय’ म्हणजे मोजण्यातल्या मिलिमीटर-दोन मिलिमीटरच्या फरकासाठी ठेवलेली जागा असते. या तिन्हींतले काय लागू आहे ते लॅबच्या डॉक्टरला विचारता येते, आणि विचारावे.

चूक कुठे शिरते

या पद्धतीची खासियत अशी की बहुतेक प्रत्येक चूक वलयाला एका ठरावीक दिशेला ढकलते. कोणती चूक कोणत्या दिशेला, हे कळले तर रिपोर्टवरचा संशय नेमका मांडता येतो.

ताटलीतल्या अगारची जाडी चार मिलिमीटर हवी. नव्वद मिलिमीटरच्या ताटलीत त्यासाठी साधारण पंचवीस मिलिलिटर अगार लागते. एका लिटरला अडतीस ग्रॅम पावडर लागते, म्हणजे एका ताटलीला एक ग्रॅमहून थोडी कमी. मुंबईच्या हायमीडियासारख्या भारतीय कंपन्या ही पावडर आणि चकत्याही बनवतात, त्यामुळे माल मिळत नाही ही सबब राहिलेली नाही. आता कुणी पंचवीसऐवजी वीस मिलिलिटर ओतले तर पाव ग्रॅमहून कमी पावडर वाचते आणि अगारची जाडी तीन मिलिमीटरच्या आसपास येते. पातळ थरात औषधाला खाली उतरायला जागा नसते, ते आडवे पसरते, वलय मोठे होते आणि नापास व्हायचे औषध पास होते. रुग्ण न चालणारी गोळी पाच दिवस घेतो. बचत पैशांत मोजण्याइतकी, आणि किंमत पाच दिवसांच्या जळजळीची, कधी रुग्णालयात भरती होण्याची.

जाड ताटलीत याच्या उलट होते. वलय लहान, चांगले औषध नापास.

जंतूंची दाटी हा दुसरा मोठा घोळ. चकती ठेवल्याक्षणी दोन गोष्टी सोबत सुरू होतात: औषध बाहेर पसरत जाते आणि जंतू वाढत जातात. पहिल्या काही तासांत एखाद्या ठिकाणी जंतूंची संख्या औषधाच्या आवाक्याबाहेर गेली की वलयाची कड तिथेच ठरते. नंतर औषध पुढे पोहोचले तरी उपयोग नसतो. पाणी जास्त गढूळ असले तर ही वेळ लवकर येते आणि वलय लहान होते. पातळ असले तर उशिरा येते आणि वलय फुगते. गढूळपणा डोळ्यांच्या अंदाजाने जुळवणाऱ्या लॅबमध्ये दोन माणसांच्या हातून दोन रिपोर्ट येतात.

तिसरी चूक चकत्यांच्या साठवणीतली, आणि भोपाळच्या मे महिन्यात तिची चिंता जास्त करावी लागते. साठ्यातल्या चकत्या उणे वीस अंशांत, रोजच्या वापराच्या दोन ते आठ अंशांत, कोरड्या ठेवाव्या लागतात. डबी फ्रिजमधून काढली की लगेच उघडायची नाही. आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची, नाहीतर चकत्यांवर दव धरते. अॅम्पिसिलिन, सेफॅलोस्पोरिन, मेरोपेनेम या घराण्यातली औषधे उष्णता आणि ओलावा सोसत नाहीत. वीज गेली, फ्रिज तापला, डबी दिवसभर टेबलावर राहिली, की चकतीतले औषध मरत जाते. वलये लहान येतात. रिपोर्टमध्ये ‘आर’ची रांग लागते आणि डॉक्टर नाइलाजाने महागड्या इंजेक्शनकडे वळतात.

याशिवाय एका लहान ताटलीवर पाचपेक्षा जास्त चकत्या कोंबल्या की वलये एकमेकांत शिरतात आणि मोजायला कडच उरत नाही. को-ट्रायमॉक्सॅझोलची कड तर मुळातच धूसर असते. तिथे आतली हलकी वाढ सोडून द्यायची असते आणि ते न शिकलेला माणूस चांगले औषध नापास करतो.

या सगळ्यावर एकच खरा पहारा आहे: दर्जा तपासणारा जंतू. एटीसीसी २५९२२ या क्रमांकाचा ई. कोलाय जगभर सगळ्या लॅबमध्ये सारखाच वागतो. त्याच ताटल्या, त्याच चकत्या वापरून त्याची वलये मोजायची. नायट्रोफ्युरँटॉइनचे वीस ते पंचवीस, सेफ्ट्रिअॅक्सोनचे एकोणतीस ते पस्तीस, जेंटामायसिनचे एकोणीस ते सव्वीस मिलिमीटर यायलाच हवे. जास्त आले तर ताटली पातळ किंवा जंतू कमी. फक्त सेफ्ट्रिअॅक्सोनचे कमी आले तर त्या चकतीची डबी गेली. ही तपासणी रोज किंवा दर आठवड्याला करणारी लॅब चार पैसे जास्त घेते. ते पैसे द्यावेत. माझ्या मते पाचशे आणि आठशे रुपयांच्या कल्चरमधला फरक इथेच शोधायचा, रिपोर्टच्या रंगीत कागदात नव्हे.

कागदावरच दिसणाऱ्या खुणा

ताटली आपल्याला दिसत नाही, पण काही चुका रिपोर्टवर उघड वाचता येतात. क्लेब्सिएला जंतू असेल आणि अॅम्पिसिलिनसमोर ‘एस’ असेल तर काहीतरी चुकले आहे, कारण हा जंतू जन्मतःच अॅम्पिसिलिनला दाद देत नाही. प्रोटिअससमोर नायट्रोफ्युरँटॉइन ‘एस’ असेल तरी तेच. ई. कोलायच्या यादीत व्हँकोमायसिन किंवा लिनेझोलिड असेल तर यादी विचार न करता छापली आहे. ती औषधे या जंतूसाठी नाहीतच. मेरोपेनेम ‘आर’ आणि सेफ्ट्रिअॅक्सोन ‘एस’ ही जोडी उलटी आहे, ती पुन्हा तपासायला सांगावी. कोलिस्टिनसमोर चकतीचे माप असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये: कोलिस्टिनचा रेणू मोठा, तो अगारमध्ये नीट सरकत नाही, म्हणून साध्या चकतीने त्याचा निकाल देऊच नये असे ठरलेले आहे. स्टॅफिलोकॉकसच्या व्हँकोमायसिनलाही हेच लागू आहे.

तीन-तीन जंतू वाढले आणि तिघांचीही औषधयादी दिली, तर तो नमुना दूषित असण्याची शक्यता जास्त. चांगली लॅब अशा वेळी ‘मिश्र वाढ, नमुना पुन्हा द्या’ लिहून मोकळी होते. तेव्हा पैसे वाया गेले म्हणून भांडू नका. ती प्रामाणिक लॅब आहे.

मशीनचा रिपोर्ट मिलिमीटरमध्ये नसतो. त्यात औषधाची किमान मात्रा मायक्रोग्रॅममध्ये दिलेली असते, आणि तिथे लहान आकडा अनुकूल. पण तिथेही दोन औषधांचे आकडे एकमेकांशी ताडायचे नाहीत. साध्या लघवीच्या संसर्गासाठी मशीनचे जादा पैसे देण्याची गरज मला वाटत नाही. नीट केलेली चकतीची तपासणी पुरते. वारंवार होणारा संसर्ग, रक्तातला जंतू, बहुतेक औषधे ‘आर’ आलेला रुग्ण, इथे ते पैसे सार्थकी लागतात.

आपल्या हातातले दोन तास

लॅबच्या चुकांइतकीच मोठी चूक घरात होते. नमुना अँटिबायोटिकचा पहिला डोस घेण्याआधीचा हवा. एक गोळी पोटात गेली तरी जंतू वाढेनासा होऊ शकतो आणि ‘नो ग्रोथ’ लिहून येते. आजार मात्र तसाच. बाहेरचा भाग पाण्याने धुवून, सुरुवातीची धार सोडून, मधली धार लॅबने दिलेल्या निर्जंतुक डबीत घ्यावी. घरातली धुतलेली बाटली चालत नाही. डबी दोन तासांत लॅबमध्ये पोहोचायला हवी. खोलीच्या उबेत ई. कोलाय भराभर वाढतो. अनुकूल वातावरणात वीस मिनिटांत दुप्पट होतो, म्हणजे दोन तासांत चौसष्टपट. डबीत चुकून पडलेले चार जंतू अशाने संसर्गाएवढे दिसू लागतात. उशीर होणार असेल तर डबी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवावी, बर्फाच्या कप्प्यात नव्हे. तशी ती चोवीस तास चालते.

म्हणून कलेक्शन सेंटरवर विचारावे की ताटली कुठे लागणार. गल्लीतल्या सेंटरवरून नमुना संध्याकाळच्या गाडीने इंदूरला किंवा विमानाने दिल्ली-मुंबईला जाणार असेल, तर तो थंड पेटीतून जातो का आणि किती तासांनी लागतो, हे कळल्याशिवाय पैसे भरू नयेत. लॅबच्या नावापुढे एनएबीएलचे चिन्ह असेल तर तेही नीट पाहावे: मान्यता लॅबच्या प्रत्येक तपासणीला नसते, ठरावीक यादीला असते. कल्चर-सेन्सिटिव्हिटी त्या यादीत आहे का, हे एनएबीएलच्या संकेतस्थळावर पाहता येते.

मध्य प्रदेश सरकारने २०१९ मध्ये अँटिबायोटिकला न जुमानणाऱ्या जंतूंविरुद्ध राज्याचा कृती आराखडा भोपाळमध्ये जाहीर केला. केरळनंतर असे करणारे हे दुसरे राज्य. अशा कामाचा कच्चा माल म्हणजे शहरातल्या लॅबमधल्या याच ताटल्या आणि त्यांची मापे. ती चुकली तर एका रुग्णापुरते नुकसान राहत नाही, शहरात कोणते औषध चालते हा हिशेबच चुकतो.

रिपोर्ट घेताना मिलिमीटरची मापे छापून मागा. अनेक लॅब फक्त एस-आर छापतात, पण माप त्यांच्या वहीत असते आणि मागितले तर मिळते. जुने सगळे रिपोर्ट एका फायलीत ठेवा आणि पुढच्या वेळी डॉक्टरांपुढे सगळे ठेवा. आणि शंका असेल तर रिपोर्ट मिळाला त्याच दिवशी लॅबच्या मायक्रोबायॉलॉजिस्टला फोन करा. ताटली आणि जंतू लॅबमध्ये थोडेच दिवस जपून ठेवलेले असतात. तेवढ्यात विचारले तर तपासणी पुन्हा लावता येते, नंतर नवा नमुना आणि नवे पैसे लागतात.